सॉफ्टवेअरसाठी निधी मागायचा, तर टिपण कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, बचत आणि कर्जाच्या पुढे जाऊन आपल्या ग्रामसंघांनी, प्रभागसंघांनी आता छोटे-मोठे व्यवसाय धरले आहेत. कुठे तुरीची खरेदी आणि डाळ मिल आहे, कुठे मसाले, कुठे दूध. व्यवसाय वाढला की चिठ्ठ्या वाढतात, रजिस्टरं वाढतात आणि मग एखाद्या बैठकीत विषय निघतो, "आता हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊ, सॉफ्टवेअर घेऊ." कार्यकारिणी विचारते, किती लागतील? उत्तर येतं, पन्नासेक हजार. कशासाठी? काम लवकर होईल म्हणून. एवढ्यावर कधी ठराव मंजूर होतो, कधी नामंजूर होतो. दोन्ही वेळा निर्णयाला आधार नसतो आणि पैसा मात्र गटांचा असतो.

म्हणून आज आपण निधी मागणीचं टिपण कसं लिहायचं ते शिकू. दोन पानांचं असलं तरी पुरे. त्यात खर्च, फायदा आणि जोखीम सरळ मांडलेली हवी. समजायला सोपं जावं म्हणून आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या प्रभागसंघाचं तूर खरेदी व डाळ केंद्र डोळ्यांसमोर धरू. खालचे सगळे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या टिपणात तुमच्याच रजिस्टरमधले आकडे घालायचे.

आधी रजिस्टर उघडा

टिपणाची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका, अडचणीपासून करा. आणि अडचण मोजून लिहा.

आपल्या केंद्रात गेल्या हंगामात २४० महिलांनी तूर घातली. तोल-चिठ्ठ्या झाल्या ९००. प्रत्येक चिठ्ठी लिपिका ताई तीन ठिकाणी लिहितात. एकदा खरेदी रजिस्टरला, एकदा साठा रजिस्टरला आणि एकदा त्या सदस्याच्या खात्यावर. हे काम एकटीला उरकत नाही म्हणून हंगामात दोन महिने एक मदतनीस ठेवावी लागली. तिला महिना ६,००० प्रमाणे १२,००० रुपये दिले.

बायांची मुख्य तक्रार चुकाऱ्याची. तूर घातल्यापासून पैसे खात्यावर यायला सरासरी ११ दिवस लागले. गावात येणारा खेडा-खरेदीवाला व्यापारी भाव कमी देतो, पण रोख देतो. औषधाचे, शाळेचे पैसे द्यायचे असले की बाई ११ दिवस थांबत नाही, तूर त्याला देऊन मोकळी होते.

आता हे ११ दिवस जातात कुठे? वीस-पंचवीस चिठ्ठ्या काढून त्यांवरच्या तारखा बघितल्या तर कळतं. आपल्या उदाहरणात चिठ्ठी गावातून केंद्रावर यायला ३ दिवस, तीन रजिस्टरला चढून हिशोब व्हायला ४ दिवस आणि सह्या होऊन बँकेत जायला ४ दिवस लागले.

इथेच टिपणाचा पाया पक्का होतो. सॉफ्टवेअर आलं तर मधले ४ दिवस कमी होऊन १ दिवस होईल. पण सह्यांचे ४ दिवस सॉफ्टवेअरने कमी होत नाहीत. अध्यक्ष एका गावात, सचिव दुसऱ्या गावात, म्हणून ते लागतात. सह्यांसाठी मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार पक्के ठरवले तर ४ चे २ दिवस होतील, आणि त्याला एक रुपया लागत नाही. टिपणात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. नाहीतर आपण आपली सवय बदलून मिळणारा फायदा सॉफ्टवेअरच्या नावावर मांडतो आणि पुढच्या वर्षी तोंडघशी पडतो.

जे फुकट आहे ते आधी बघा

कार्यकारिणीचा पहिला प्रश्न हाच असेल, "सरकारचं ॲप आहे ना, मग वेगळं कशाला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर टिपणात असलंच पाहिजे.

अभियानातल्या गटांसाठी लोकोस आहे. सदस्यांची माहिती, बचत, कर्ज, परतफेड या नोंदी त्यात होतात. त्याच नोंदींसाठी दुसरं सॉफ्टवेअर विकत मागितलं तर ती मागणी नामंजूरच व्हायला हवी. पण तोल-चिठ्ठी, तुरीचा साठा, डाळीचा उतारा, विक्रीचं बिल, हे दुकानदारी हिशोबाचं काम आहे. आपल्याला नेमकं कोणतं काम करायचं आहे आणि फुकटच्या साधनात ते होतं की नाही, हे दोन-तीन ओळींत लिहा. लिहिण्याआधी आपल्या प्रभागाच्या समन्वयकांना विचारून खात्री करा.

एक जुना अनुभवही आपल्याच राज्यातला आहे. नाबार्डने २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातले दोनच जिल्हे होते, झारखंडमधला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. गटांच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या, बँकेला त्या बघता याव्यात आणि सदस्याच्या मोबाईलवर तिच्या भाषेत संदेश जावा, अशी ती रचना. त्यासाठी गटाकडून माहिती घेऊन ती भरणारी माणसं नेमावी लागली आणि त्यांना मानधन द्यावं लागलं. म्हणजे सॉफ्टवेअर गटांना फुकट मिळालं तरी माहिती भरणाऱ्या हाताचा खर्च असतोच. आपल्या टिपणात बहुतेक वेळा हाच खर्च सुटतो.

खर्च: विकत घेण्याची किंमत म्हणजे खर्च नव्हे

दुकानदार जो आकडा सांगतो तो पहिल्या दिवसाचा असतो. टिपणात तीन वर्षांचा खर्च मांडा. आपल्या उदाहरणात दोन प्रकारचे दर आले. एक सॉफ्टवेअर दरवर्षी भाडं भरून वापरायचं, दुसरं एकदाच विकत घ्यायचं.

भाड्याच्या सॉफ्टवेअरला वर्षाला ७,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८,५०० होतात. दरपत्रकात "कर वेगळा" असं बारीक अक्षरात असतं, ते बघा. केंद्राची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरायचा.

लॅपटॉप केंद्राकडे आहे. पण लाईन गेली तर काम थांबू नये म्हणून यूपीएस ६,०००, चिठ्ठी छापायचं छोटं प्रिंटर ७,५००, जुनी खाती आणि सुरुवातीचा साठा भरून घेण्याचं मानधन ४,०००, दोघींचं प्रशिक्षण व येण्या-जाण्याचा खर्च ५,०००, वर्षाचं इंटरनेट ३,००० आणि कागदाचे रोल व किरकोळ दुरुस्ती २,०००. सगळी बेरीज ३६,०००. त्यावर दहा टक्के राखीव ३,६०० धरले की पहिल्या वर्षी ३९,६०० रुपये लागतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी यूपीएस, प्रिंटर, प्रशिक्षण पुन्हा लागत नाही. भाडं, इंटरनेट, रोल मिळून वर्षाला १३,५००. तीन वर्षांचा एकूण खर्च ६६,६०० रुपये.

एकदाच विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरला करासह २६,००० लागतात. बाकीचा खर्च आणि राखीव तसाच धरला तर पहिल्या वर्षी ५८,८५०. पुढे नूतनीकरणासह दरवर्षी १०,३००. तीन वर्षांत ७९,४५०. दरवर्षी ३,२०० वाचतात म्हणून हे स्वस्त वाटतं, पण सुरुवातीला १९,२५० जास्त गेलेले असतात. ते भरून निघायला सहा वर्षं लागतात. तोवर लॅपटॉपही बदलावा लागेल.

फायदा: हातात येणारा पैसा वेगळा काढा

टिपणं इथेच फुगतात. "लिपिका ताईंचे १८० तास वाचतील, तासाला ५० रुपये धरले तर ९,००० चा फायदा," असं लिहिलेलं असतं. पण ताईंचं मानधन तर तेवढंच राहणार. ते ९,००० कोणाच्याही हातात येत नाहीत. तास वाचणं चांगलंच आहे, त्यांना विक्रीकडे लक्ष देता येईल, पण ते शब्दांत लिहा, रुपयांत नको.

रुपयांत फक्त तेच लिहा जे पासबुकात दिसेल. आपल्या केंद्रात अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली, मदतनीसाचे १२,०००. पण ते पहिल्या हंगामात वाचणार नाहीत. नवीन सॉफ्टवेअरवर पहिल्या दिवसापासून विसंबता येत नाही, रजिस्टर आणि कॉम्प्युटर दोन्ही सोबत चालवावं लागतं. म्हणजे पहिल्या वर्षी काम कमी होत नाही, उलट वाढतं. बचत दुसऱ्या वर्षापासून धरा.

दुसरी, वर्षअखेरीचा हिशोब. रजिस्टरवरून ताळेबंद करायला हिशोबनीस १५,००० घेतात. कॉम्प्युटरवर नोंदी तयार मिळाल्या तर ९,००० घेईन, असं त्यांनी लिहून दिलं. वाचले ६,०००. हे लेखी घ्या आणि टिपणाला जोडा.

तिसरी, जास्त गेलेले पैसे. गेल्या हंगामात ९ चिठ्ठ्यांमध्ये मिळून १४,६०० रुपये जास्त गेले आणि परत मिळाले नाहीत. सगळे वाचतील असं लिहायचा मोह होतो. पण चिठ्ठ्या काढून बघा. ५ चिठ्ठ्यांत गुणाकार किंवा दर चुकला होता, ते ७,४०० रुपये. ४ चिठ्ठ्यांत काट्यावरच वजन चुकीचं लिहिलं होतं, ते ७,२००. गुणाकार सॉफ्टवेअर चुकू देणार नाही. पण काट्यावर ४२ किलोचे २४ लिहिले गेले तर कॉम्प्युटरही इमानेइतबारे २४ च धरेल. म्हणून ७,४०० च मोजा.

आता बेरीज करू. पहिल्या वर्षी ६,००० आणि ७,४०० मिळून १३,४००. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी मदतनीसाचे धरून २५,४००. तीन वर्षांत ६४,२०० रुपये.

खर्च ६६,६०० आणि बचत ६४,२००. म्हणजे तीन वर्षांत २,४०० रुपये पदरचे जातात. घाबरू नका, हे असंच लिहा. मग कार्यकारिणीसमोर खरा प्रश्न येतो. २,४०० रुपये देऊन २४० महिलांचा चुकारा ३ दिवस लवकर होणार असेल, तर तो खर्च करायचा का? याचं उत्तर बैठकीत बसलेल्या बाया देऊ शकतात. फुगवलेल्या आकड्यावर त्या फक्त मान हलवतात. चौथ्या वर्षी हीच व्यवस्था चालू राहिली तर ११,९०० रुपये वरचे उरतील, तेही लिहा.

चुकारा लवकर झाला तर व्यापाऱ्याकडे जाणारी तूर केंद्रावर येईल, हा फायदा मोठा असू शकतो. पण किती येईल हे हंगाम झाल्याशिवाय कळत नाही. तो शब्दांत लिहा, बेरजेत घेऊ नका.

जोखीम: काय बिघडेल, कशावरून कळेल, कोण बघेल

"काही जोखीम नाही" असं लिहिलेल्या टिपणावर विश्वास ठेवू नका. चार जोखमी नेहमी असतात.

एकच ताई शिकते आणि तीच आजारी पडते किंवा सोडून जाते. म्हणून प्रशिक्षण दोघींचं. पासवर्ड दोघींचे वेगळे, आणि कोणी कोणती नोंद बदलली ते दिसलं पाहिजे. तुमची संस्था उत्पादक कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर हे सक्तीचं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असावीच लागते.

नोंदी मागे पडतात. लाईन नाही, रेंज नाही, म्हणून आजच्या चिठ्ठ्या उद्यावर जातात आणि आठवड्यात ढीग होतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. रोज संध्याकाळी न भरलेल्या चिठ्ठ्या मोजायच्या. २० च्या वर गेल्या की सचिव ताईंना सांगायचं. रेंज नसली तरी चालणारं सॉफ्टवेअर आहे का, हेही आधीच विचारा.

कॉम्प्युटरचा साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही. दर शनिवारी कट्टे मोजायचे आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघायचे. फरक एका आठवड्याचा असेल तर सापडतो, चार महिन्यांचा असेल तर सापडत नाही.

कंपनी बंद झाली किंवा भाडं वाढवलं, तर आपली माहिती अडकते. दुकानदाराला विचारा, "भाडं भरणं थांबवलं तर आमची खाती आम्हाला एक्सेल फाईलमध्ये मिळतील का?" नुसतं हो म्हणाले तर चालणार नाही, समोर करून दाखवा म्हणा. महिलांचे आधार आणि बँक खात्याचे नंबर त्यात राहणार आहेत, त्यामुळे ते कोणाला दिसतील हेही विचारा. चुकाऱ्यासाठी खाते नंबर लागतो, आधार लागत नसेल तर भरूच नका.

आणि पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरून बघू देतात. गेल्या हंगामाच्या ५० चिठ्ठ्या त्यात भरा, त्यात चुकलेल्या मुद्दाम घाला. किती वेळ लागला आणि कोणती चूक पकडली गेली ते लिहून ठेवा. मराठीत नावं नीट छापली जातात का, तेही तेव्हाच कळेल.

नमुना टिपण

*प्रति: अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य, प्रभागसंघ*
*विषय: तूर खरेदी व डाळ केंद्रासाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर घेण्यास निधी मंजूर करणेबाबत*

*मागणी: पहिल्या वर्षासाठी ३९,६०० रुपये (राखीव ३,६०० धरून) मंजूर करावेत. तूर जानेवारीत येते, म्हणून निर्णय ऑक्टोबरच्या बैठकीत व्हावा.*

*अडचण: गेल्या हंगामात ९०० चिठ्ठ्या तीन ठिकाणी लिहाव्या लागल्या. चुकाऱ्याला सरासरी ११ दिवस लागले. मदतनीसावर १२,००० खर्च झाला. चुकीने १४,६०० जास्त गेले.*

*पर्याय: (१) रजिस्टरच ठेवून सह्यांचे दोन वार ठरवणे. खर्च नाही, चुकारा ९ दिवसांत, बाकी अडचणी तशाच. (२) भाड्याचे सॉफ्टवेअर व सह्यांचे दोन वार. तीन वर्षांचा खर्च ६६,६००, बचत ६४,२००, चुकारा ६ दिवसांत. (३) विकतचे सॉफ्टवेअर. खर्च ७९,४५०, बचत व चुकारा पर्याय दोनप्रमाणेच. लोकोसमध्ये गटांच्या नोंदी चालू राहतील. तोल-चिठ्ठी व साठ्याचे काम त्यात होत नसल्याची खात्री केली आहे.*

*शिफारस: पर्याय २. पर्याय १ मधील सह्यांचे वार आजपासूनच लागू करावेत.*

*जोखीम व उपाय: दोघींना प्रशिक्षण, रोज चिठ्ठ्यांची व शनिवारी कट्ट्यांची मोजणी, पहिला हंगाम रजिस्टर सोबत, दर महिन्याला माहितीची प्रत पेनड्राईव्हवर अध्यक्षांकडे.*

*पैसे कसे द्यावे: ५० चिठ्ठ्यांची परीक्षा बरी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ३१,०००. हंगाम सुरू झाल्यावर इंटरनेट व रोलसाठी ५,०००. राखीव रक्कम कार्यकारिणीला विचारूनच.*

*कधी थांबायचे: हंगाम संपल्यावर चुकारा सरासरी ८ दिवसांच्या आत आला नसेल, किंवा साठ्याचा फरक सलग तीन शनिवार सुटला नसेल, तर दुसऱ्या वर्षाचे भाडे भरू नये.*

*जोडलेली कागदपत्रे: तीन दरपत्रके, हिशोबनीसांचे पत्र, चुकलेल्या ९ चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स.*

बघा, मागणी पहिल्याच ओळीत आहे. कार्यकारिणीला ती शोधावी लागत नाही. "कधी थांबायचे" हा भाग बहुतेक टिपणांत नसतो. तो असला की मंजुरी देणाऱ्या बायांना धीर येतो, कारण फसलं तरी किती पैसे जातील हे त्यांना आधीच कळलेलं असतं. आणि आता पर्याय एककडे पुन्हा बघा. तुमच्या केंद्रात चिठ्ठ्या ९०० नसून २०० असतील, तर मदतनीस लागतच नाही आणि बचतीतले १२,००० निघून जातात. मग सह्यांचे दोन वार एवढंच पुरे. अशा वेळी "सध्या सॉफ्टवेअर नको" असं लिहिलेलं टिपणही चांगलंच टिपण असतं.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या केंद्रात माल घातल्यापासून चुकारा होईपर्यंत किती दिवस लागतात? त्यातले किती दिवस लिखाणात जातात आणि किती सह्यांसाठी?

२. गेल्या वर्षीच्या चुकलेल्या चिठ्ठ्या काढा. त्यातल्या किती चुका काट्यावर झाल्या आणि किती हिशोबात?

३. सॉफ्टवेअर घेतलं तर ते शिकणाऱ्या दोघी कोण? त्यातली एक नसेल त्या दिवशी काम कसं चालेल?